बळ्ळारी नाल्यातले दोन फेज : प्रकल्प नोंदी

१९ जून

सकाळी सव्वासातला बेळगावात वडगावच्या बाजूला बळ्ळारी नाल्यातून पाणी घेतलं. दोन निर्जंतुक बाटल्या, हातमोजे, आणि बाटली बुडवायला दोरी. पावसाने अजून जोर धरलेला नाही, त्यामुळे नाला काळा आणि संथ आहे. एकदा पाणी शहापूर शिवारातल्या भातात पसरलं की सांडपाणी इतकं पातळ होईल की फेज, म्हणजे जीवाणूंना लागणारे विषाणू, शोधणं अवघड जाईल, म्हणून घाई केली.

प्रकल्पाचा प्रश्न एका ओळीत लिहून आणा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मैत्रिणीने आणि मी मिळून लिहिलं: एकाच जीवाणूवर वाढणारे दोन फेज नाल्यातून वेगळे करायचे, एक पेशी फोडून बाहेर पडणारा आणि एक पेशीत मुक्काम करणारा, आणि दुसरा खरोखर मुक्काम करतो हे सिद्ध करायचं. मॅडमनी 'सिद्ध' या शब्दाखाली रेघ मारली. "गढूळ प्लाक दिसला की मुलं लायसोजेनी लिहून मोकळी होतात. गढूळपणाला इतरही कारणं असतात. ती एकेक खोडून काढा, मग लिहा." प्लाक म्हणजे प्लेटवरच्या जीवाणूंच्या चादरीत फेजने पाडलेला डाग, लायसोजेनी म्हणजे फेजचा पेशीतला मुक्काम. मुक्काम झालेल्या पेशी जगतात, म्हणून डाग गढूळ राहतो.

फेज ज्याच्यावर वाढवायचे तो यजमान म्हणून ई. कोलाय या जीवाणूच्या के-१२ वाणाचा, लॅम्डा नावाचा फेज नसलेला प्रकार घेतला आहे. 'नसलेला' हे महत्त्वाचं, कारण मूळ के-१२ च्या पोटात लॅम्डा आधीपासून होता आणि कित्येक वर्षं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एस्थर लेडरबर्ग यांना तो सापडला, तो के-१२ आणि अतिनील किरणं दिलेला त्याचाच एक प्रकार एकत्र वाढवल्यावर. त्या प्रकारातला लॅम्डा निघून गेला होता, म्हणून शेजारच्या पेशींतून सुटलेला लॅम्डा त्याला खाऊ लागला आणि वाढीत कुरतडल्यासारखे डाग पडले. हे १९५१ सालचं काम. आम्हीही पोटात फेज असलेला यजमान घेतला असता, तर नाल्यातला तसलाच फेज त्याच्यावर दिसला नसता.

२१ जून

नाल्याचं पाणी सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं. नमुन्याचे दोन भाग केले. एक भाग पुस्तकी पद्धतीने: यजमानासोबत रात्रभर ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव खाद्यात, वाढवून मग प्लेटवर. दुसरा भाग काहीच न वाढवता थेट प्लेटवर. मॅडमनी सांगितलं म्हणून हे केलं, आणि आज त्याचं कारण डोळ्यांनी पाहिलं.

वाढवलेल्या भागाच्या प्लेटवर सगळे प्लाक स्वच्छ, काचेसारखे. एकही गढूळ नाही. थेट लावलेल्या प्लेटवर एकूण ४१ प्लाक, त्यांतले ६ मधोमध दुधाळ. रात्रभराच्या ब्रॉथमध्ये भराभर पेशी फोडणारा फेज इतका वाढतो की मुक्काम करणारा त्यात हरवून जातो. गढूळ प्लाक हवा असेल तर नमुना वाढवायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

स्वच्छ प्लाकातल्या फेजला 'फ' म्हणायचं ठरवलं (फोडणारा), गढूळ प्लाकातल्याला 'म' (मुक्कामी). 'म' हे नाव तूर्तास केवळ सोयीचं आहे.

२६ जून

दोन्ही फेज तीन वेळा एकेका प्लाकातून उचलून शुद्ध केले. 'म' तिन्ही वेळा गढूळच आला. आमची पहिली शंका सॉफ्ट अगारमध्ये यजमान फार घातल्याची होती. जीवाणूंची चादर दाट असेल तर प्लाक पुरता मोकळा होण्याआधीच वाढ थांबते आणि कुठलाही फेज गढूळ दिसतो. म्हणून यजमानाचं प्रमाण निम्मं आणि पाव करून पाहिलं. 'फ' स्वच्छ राहिला, 'म' गढूळ राहिला, कडेला मात्र एक बारीक स्वच्छ कडं. एक कारण खोडलं.

३ जुलै

'फ' चं एका फेरीचं गणित. ही पद्धत एलिस आणि डेलब्रुक यांची, १९३९ सालची. फेज आणि यजमान थोडा वेळ एकत्र ठेवायचे, मग मिश्रण एकदम खूप पातळ करायचं, म्हणजे फुटलेल्या पेशींतून निघालेल्या फेजना दुसरी पेशी लवकर भेटत नाही आणि एकच फेरी मोजता येते.

एका मिलीत २० कोटी पेशी आणि २ कोटी फेज घेतले, म्हणजे दहा पेशींमागे एक फेज. पाच मिनिटांनी दहा हजार पट पातळ केलं. मग दर तीन मिनिटांनी थोडं काढून प्लेटवर. पहिली वीस मिनिटं आकडा जागचा हलला नाही: मिलीमागे साधारण १,८००. हे बहुतेक एकेका संसर्गित पेशीचे प्लाक, कारण आत कितीही फेज तयार होत असले तरी पेशी अखंड आहे तोवर प्लेटवर तिचा एकच प्लाक पडतो. बाविसाव्या मिनिटाच्या आसपास आकडा चढू लागला आणि पस्तिसाव्या मिनिटाला मिलीमागे १ लाख ६० हजारांवर स्थिरावला. १,६०,००० भागिले १,८०० म्हणजे एका पेशीतून सुमारे ८९ फेज.

त्या बावीस मिनिटांत पेशीच्या आत काय होतं ते बाहेरून दिसत नाही, पण लायटिक, म्हणजे फोडणाऱ्या, फेजचा क्रम ठाऊक आहे. फेज पेशीच्या भिंतीवरच्या ठरावीक रेणूला चिकटतो आणि डीएनए आत सोडतो. रिकामं कवच बाहेर राहतं. आधी लवकरची जनुकं चालू होतात आणि यजमानाचं यंत्र फेजच्या कामाला जुंपलं जातं. मग डीएनएच्या प्रती, मग डोकी आणि शेपट्या, मग जोडणी. सगळ्यात शेवटी होलिन नावाचं प्रथिन आतल्या पटलाला भोकं पाडतं, त्यातून एंडोलायसिन भिंतीपर्यंत पोचतं आणि भिंतीची जाळी कापतं. आतला दाब भिंतीला सोसत नाही आणि पेशी फुटते. होलिनचं वेळापत्रक फेजच्या हातात असतं. फार लवकर फुटली तर पिल्लं थोडी, फार उशीर केला तर बाहेरच्या ताज्या पेशी दुसरा कुणी पटकावतो.

दुपारी चाळीस मिनिटं वीज गेली. सुदैवाने मोजणी संपली होती.

९ जुलै

आज मला सगळ्यात आवडलेला प्रयोग. प्रश्न साधा: यजमानाच्या प्रत्येक पेशीवर फेजचा मारा केला, तर किती पेशी जिवंत राहतात?

पेशीमागे सरासरी पाच फेज पडतील इतका मारा केला. सरासरी पाच म्हणजे प्रत्येकीवर नेमके पाच नव्हेत. पाऊस पडला तरी अंगणातल्या एखाद्या फरशीवर पहिल्या क्षणी थेंब नसतोच, तसं. पॉइसॉनच्या सूत्राने एकही फेज न लागलेल्या पेशींचा वाटा:

```
e^(-5) = 0.0067
```

म्हणजे हजारात सुमारे ७ पेशी सुटणार. त्याहून जास्त पेशी जगल्या तर त्यांना फेज लागूनही त्या जगल्या, असा अर्थ होतो.

वीस मिनिटांनी पातळ करून साध्या प्लेटवर पसरलं, दुसऱ्या दिवशी वसाहती मोजल्या. 'फ' चा मारा सोसलेल्या पेशींत हजारात ९ जगल्या. सुटलेल्या ७ च्या जवळचाच आकडा. म्हणजे 'फ' लागला की पेशी संपली. 'म' चा मारा सोसलेल्यांत हजारात २४० जगल्या. यांतल्या ७ सुटलेल्या धरल्या, तरी जवळजवळ चौथा हिस्सा पेशी फेज आत घेऊनही वाढत राहिल्या. आणि उरलेल्या तीन चतुर्थांश फुटल्याच. 'म' मुक्कामी असला तरी दर वेळी मुक्काम करत नाही, हे मला आकडा पाहिल्यावर खऱ्या अर्थाने कळलं.

हा निर्णय कसा होतो, ते लॅम्डामध्ये तपशिलात अभ्यासलेलं आहे. सीआय हे प्रथिन फेजची फोडण्याची जनुकं दाबून धरतं, क्रो हे सीआयला रोखतं. सीआयची पहिली खेप निघते की नाही, हे सीटू या तिसऱ्या प्रथिनावर ठरतं, आणि सीटू फार नाजूक. पेशीतलं एक प्रथिनभक्षी एन्झाइम त्याला सतत खात असतं. पेशीत एकाच वेळी अनेक फेज शिरले तर सीटूही अनेक ठिकाणांहून बनतं आणि टिकून राहतं. म्हणून दाटीत मुक्कामाकडे कल जातो. मला यात तर्क दिसतो: एका पेशीमागे पाच फेज असतील तर बाहेर ताज्या पेशी उरलेल्याच नाहीत, मग फोडून जायचं कुठे? आमचा 'म' लॅम्डासारखाच चालतो की नाही हे मात्र आम्ही तपासलेलं नाही, म्हणून अहवालात हा परिच्छेद लॅम्डाच्याच नावावर राहील.

१४ जुलै

'म' च्या गढूळ प्लाकांच्या मध्यातून दहा वसाहती उचलल्या. प्रत्येक तीन वेळा नव्या प्लेटवर रेघा ओढून शुद्ध केली, म्हणजे सोबत चिकटून आलेले सुटे फेज मागे पडतील. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फसवं, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

मग क्रॉस-स्ट्रीक. प्लेटवर 'म' ची एक उभी रेघ, ती वाळली की तिला छेदत एकेका वसाहतीची आडवी रेघ. साध्या के-१२ ची वाढ फेजच्या रेघेपाशी विरळ झाली, जवळजवळ तुटली. आमच्या दहाही वसाहती ती रेघ बिनधास्त ओलांडून गेल्या. मैत्रीण म्हणाली, "झालं की गं, दहाही लायसोजेन." लायसोजेन म्हणजे पोटात फेज बाळगणारी पेशी. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण पेशी फेजला दाद देत नाही, याची दोन पूर्ण वेगळी कारणं असू शकतात. एक, फेज आत बसलेला आहे आणि त्याचं दाबणारं प्रथिन नव्याने आलेल्या भाऊबंदालाही दाबून टाकतं. दोन, पेशीत बदल होऊन फेज चिकटायची जागाच गेली आहे. आत कुणी नाही, दार बंद. प्लाकाच्या मध्यात दोन्ही प्रकार वाढू शकतात.

म्हणून दहाही वसाहतींचं ब्रॉथमधलं पाणी गाळून साध्या के-१२ च्या चादरीवर एकेक थेंब ठेवला. सात थेंबांखाली गढूळ डाग पडला, तिघांखाली काही नाही. त्या सात वसाहतींतून फेज सुटत होते.

२२ जुलै

पावसाने नाला शिवारात शिरला आहे. आमच्या बांधापर्यंत पाणी आलं, बाबा सकाळपासून शेतात होते. मी लॅबला अकराला पोचले.

चिकटण्याची चाचणी केली. पेशी दोनदा धुतल्या, कारण लायसोजेनच्या ब्रॉथमध्ये त्याचे स्वतःचे सुटे फेज असतात आणि ते मोजणीत मिसळले तर उत्तर चुकतं. मग ठरावीक संख्येने 'म' घालून दहा मिनिटं ३७ अंशांवर, सेंट्रिफ्यूज, आणि वरच्या पाण्यात किती फेज उरले ते मोजलं.

साध्या के-१२ सोबत शेकडा ८ उरले. फेज सोडणाऱ्या वसाहतींपैकी क्रमांक ४ सोबत शेकडा ११. फेज न सोडणाऱ्या क्रमांक ९ सोबत शेकडा ९४. म्हणजे क्रमांक ९ च्या दारातून फेज परत फिरतो. ती निव्वळ प्रतिरोधक. क्रमांक ४ मध्ये फेज चिकटतो, बहुधा डीएनएही सोडतो, आणि तरी पेशीचं काही बिघडत नाही. 'फ' ची रेघ मात्र क्रमांक ४ ला ओलांडता आली नाही. प्रतिकार फक्त 'म' पुरता आहे. लायसोजेनकडून हेच अपेक्षित असतं: स्वतःच्या फेजपासून संरक्षण, परक्या फेजपासून नाही.

क्रमांक ४ च्या वाढीचा वेग साध्या के-१२ इतकाच निघाला. फेजचा डीएनए बहुतेक वेळा यजमानाच्या गुणसूत्रातच सांधला जातो (लॅम्डा गॅल आणि बायो या जनुकांच्या मधल्या एका ठरलेल्या जागी बसतो) आणि पेशी दुभंगली की दोन्ही पिल्लांना वारशाने मिळतो. पेशीला तो दिसण्यासारखा त्रास देत नाही. काही वेळा नवा गुणही देतो: घटसर्पाच्या जीवाणूचं विष आणि कॉलऱ्याच्या जीवाणूचं विष, दोन्हींची जनुकं मुक्कामी फेजनी आणलेली आहेत. आमच्या क्रमांक ४ ने तसं काही मिळवलं आहे का, हे या प्रकल्पाच्या बाहेरचं.

क्रमांक ४ च्या धुतलेल्या पेशी पुन्हा वाढवून सुटे फेज मोजले: ३० कोटी पेशींमागे ४ लाख. एका पेशीतून साठेक निघत असतील असं धरलं, तर साधारण ४५ हजार पेशींत एक आपोआप फुटली. हा अंदाज ढोबळ आहे, कारण सुटलेले काही फेज पुन्हा इतर पेशींना चिकटून मोजणीतून निसटतात.

२९ जुलै

अतिनील किरणं देऊन मुक्काम मोडायचा प्रयत्न. ही गोष्ट प्रथम पॅरिसमध्ये आंद्रे ल्वॉफ आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये दाखवली, दुसऱ्या एका जीवाणूवर. तत्त्व असं की किरणांनी पेशीचा डीएनए बिघडतो, पेशीची धोक्याची यंत्रणा जागी होते, रेकए नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि त्याच्या संपर्कात आलेलं दाबणारं प्रथिन स्वतःच तुटतं. दाब गेला की फेज गुणसूत्रातून सुटून फोडण्याच्या मार्गाला लागतो.

वाढत्या पेशी मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात धुतल्या (ब्रॉथ किरणं शोषतो), उघड्या पेट्री प्लेटमध्ये पातळ थर केला, २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली १५ सेकंद. चेहऱ्यावर ढाल, हात झाकलेले. लॅबचे मामा दाराशी घड्याळ धरून उभे होते, बरोबर पंधराव्या सेकंदाला कन्नडमध्ये "साकु!", म्हणजे पुरे, म्हणाले.

निकाल निराशाजनक. दोन तासांनीही कल्चर गढूळच. फेज जेमतेम दहापट वाढले. १५ सेकंद कमी पडले असं धरून वेळ वाढवायचा विचार होता. मॅडमनी प्लेट कुठे ठेवली होती ते विचारलं. खिडकीशेजारच्या टेबलावर, ब्रॉथ गरम होईपर्यंत वीस मिनिटं. तिथेच चूक झाली. ई. कोलायकडे फोटोलायेज आहे. निळसर उजेड मिळाला की ते अतिनीलने झालेली इजा दुरुस्त करतं. आम्ही आधी इजा केली आणि मग दुरुस्तीला ऊन पुरवलं.

१ ऑगस्ट

तेच १५ सेकंद, पण या वेळी खिडक्यांना काळा कागद, खोलीत फक्त मंद पिवळा दिवा, आणि फ्लास्क ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेला. सोबत साध्या के-१२ लाही अगदी तशीच वागणूक.

पहिला पाऊण तास क्रमांक ४ चा गढूळपणा वाढतच गेला, त्याचं माप म्हणजे ओडी ०.४ वरून ०.६ च्या पुढे. पन्नासाव्या मिनिटाला थांबला. सत्तराव्या मिनिटाला मैत्रिणीने फ्लास्क उजेडाकडे धरला आणि पलीकडची वहीवरची ओळ वाचता आली. ओडी ०.१५. तळाशी फुटलेल्या पेशींचे धागे तरंगत होते. फेज मिलीमागे ४ लाखांवरून ८०० कोटींवर.

साधा के-१२ त्याच वेळी थोडा रेंगाळून पुन्हा वाढीला लागला. म्हणजे ही मात्रा बहुतेक पेशींना स्वतःहून मारत नाही. क्रमांक ४ च्या पेशी मेल्या त्या आतल्या फेजमुळे. इतके दिवस त्यांच्यासोबत दुभंगत आलेला फेज तासाभरात त्यांना फोडून बाहेर आला, आणि फुटण्याची रीत 'फ' च्या रीतीसारखीच. दोन चक्रं शेवटी एकाच दाराने बाहेर पडतात. फरक आहे तो आत किती पिढ्या थांबायचं याचा.

फुटलेल्या कल्चरमधून जगलेल्या मोजक्या पेशी प्लेटवर पसरून ठेवल्या. मॅडमनी सांगितलं आहे, का ते सांगितलं नाही.

८ ऑगस्ट

जगलेल्या ६० वसाहती एकेक करून शुद्ध केल्या आणि पुन्हा 'म' च्या रेघेवरून ओढल्या. एकोणसाठ ओलांडून गेल्या. सदतिसावी रेघेपाशी विरळ झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच. तिच्या ब्रॉथचा गाळलेला थेंब साध्या के-१२ वर ठेवला तर डाग पडत नाही. तिच्यातून आता फेज सुटत नाही. आणि तिची स्वतःची चादर करून वर 'म' घातला तर पुन्हा प्लाक, मधोमध गढूळ. क्रमांक ४ चा प्रतिकार जनुकातल्या बदलाचा असता, तर फेज गेल्यावर तोही गेला नसता. दोन्ही सोबतच गेले.

मॅडमनी प्लेट खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली आणि सदतिसाव्या वसाहतीचा ग्लिसरॉल साठा करायला सांगितला. दोन नळ्या भरल्या, 'क्र. ४' च्या शेजारी ठेवल्या.